एसओपी अपलोड करण्याआधी: दुसऱ्या विद्यापीठाच्या खुणा कशा शोधाव्यात

अमेरिकेत एमएससाठी अर्ज करताना एसओपी एकदा लिहिली जाते आणि पुढे तिच्याच प्रती निघतात. समजा, पर्ड्यूसाठी लिहिलेल्या एसओपीवरून तुम्ही सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठासाठी प्रत केली. 'पर्ड्यू' हे नाव आठवणीने बदललं जातं. राहून जातं ते त्याच्या आजूबाजूचं: वेस्ट लाफायेट हे गाव, इंडियाना राज्य, तिथल्या प्राध्यापकांचं आडनाव, लॅब, कोर्सचा क्रमांक.

म्हणून आधी एका कागदावर प्रत्येक विद्यापीठापुढे असे शब्द लिहून काढा. मग वॉशिंग्टनची फाइल उघडा आणि Ctrl+F वापरून बाकीच्या सगळ्या विद्यापीठांचे शब्द एकेक करून शोधा. एकही सापडता कामा नये. लघुरूपांवर मात्र विसंबू नका. UW वॉशिंग्टनचंही आहे आणि विस्कॉन्सिनचंही, त्यामुळे चुकीच्या जागी असलं तरी ते बरोबरच वाटतं. पूर्ण नाव लिहा, तेही नीट पाहून: सेंट लुइसचं 'वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी' वेगळं विद्यापीठ आहे.

Replace All तर सरसकट वापरूच नका. MIT च्या जागी दुसरं नाव घालायला गेलात, तर commitment आणि limit या शब्दांच्या पोटातलं mit सुद्धा बदलू शकतं. पुण्याच्या एमआयटीतून शिकलेल्यांचं तर स्वतःचं कॉलेजच बदलून जाईल. Match case आणि Find whole words only निवडा, आणि प्रत्येक बदल डोळ्यांनी पाहून करा.

काही खुणा शोधून सापडतच नाहीत. 'छोट्या शांत गावातलं कॅम्पस' हे वाक्य वेस्ट लाफायेटला शोभतं, सिॲटलला नाही. त्यासाठी 'हेच विद्यापीठ का' हा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि दर वाक्याला थांबून विचारा, हे याच विद्यापीठाबद्दल खरं आहे का?

आता एसओपी, रेझ्युमे आणि मार्कशीट शेजारी ठेवा. प्रोजेक्ट एकीकडे सहा महिन्यांचा आणि दुसरीकडे आठ महिन्यांचा नको. सीजीपीए मार्कशीटवर आहे तेवढाच लिहा, वर ओढून गोल करू नका. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे भरा. मागच्या वर्षीचा मसुदा वापरत असाल तर Fall पुढचं साल तपासा.

शेवटी पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडा आणि वरच्या टॅबवरचं नाव वाचा. फाइलचं नाव बदललं तरी जुनं शीर्षक आत राहू शकतं आणि टॅबवर 'SOP Purdue' दिसू शकतं. वर्डमध्ये File, मग Info इथे Title पुसा आणि पीडीएफ नव्याने काढा. अपलोड झाल्यावर पोर्टलवर प्रीव्ह्यू मिळत असेल, तर तिथून फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि मगच Submit दाबा.