पॉलिसीवर कर्ज काढायचंय? आधी एवढं जमवा

पहिलं काम कागदपत्रांचं नाही, आकड्याचं. ज्या शाखेत पॉलिसीची नोंद आहे तिथून आजच्या तारखेची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, आणि मिळू शकणारं कर्ज, असे दोन्ही आकडे लेखी घ्या. विमा रक्कम 5 लाख म्हणून निम्मं तरी मिळेल, असा हिशेब चालत नाही. साध्या टर्म पॉलिसीला सरेंडर व्हॅल्यूच नसते, त्यामुळे तिच्यावर कर्जही नाही. बोनसवाल्या एंडोमेंट पॉलिसीत हप्ते चालू असतील तर साधारण सरेंडर व्हॅल्यूच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. हप्ते थांबून पॉलिसी पेड-अप झाली असेल तर टक्का त्याहून कमी.

करवीर तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाचं उदाहरण धरू. विमा 5 लाखांचा, मुदत 20 वर्षं, वार्षिक हप्ता 10 डिसेंबरला. दहा हप्ते भरलेत, बोनस 2 लाख जमलाय, शाखेनं सरेंडर व्हॅल्यू 2 लाख सांगितली. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त 1,80,000. जूनमध्ये कॉलेजच्या फीसाठी ते सगळं उचललं आणि व्याजदर 9.5 टक्के आहे असं समजू. तुमचा खरा दर मंजुरीपत्रावर असेल, तो वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता कागदपत्रं. मूळ बाँड लागतोच, कारण पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन होते आणि कर्ज फिटेपर्यंत बाँड त्यांच्याकडे राहतो. बाँड सापडत नसेल तर आधी डुप्लिकेट काढावा लागतो. त्यात स्टॅम्पपेपरवरचा इन्डेम्निटी बाँड येतो आणि वेळ जातो, म्हणून कपाट आजच तपासा. पूर्वी हीच पॉलिसी एखाद्या बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे तारण दिली असेल, तर कर्ज फिटलं असूनही त्यांनी ती परत तुमच्या नावे असाइन केल्याची नोंद बाँडवर आहे का ते बघा. अर्ज बहुधा इथंच अडकतो. सोबत कर्जाचा अर्ज, ओळखपत्र, पॅन आणि नाव छापलेला रद्द चेक. पासबुकावरचं नाव नि बाँडवरचं नाव जुळलं नाही तर पैसे खात्यात जमा होत नाहीत. वारसदाराची काळजी मात्र नको. कर्जासाठी कंपनीकडे असाइन केल्यानं नॉमिनेशन रद्द होत नाही, फक्त वारसाच्या रकमेतून आधी कर्ज वळतं होतं.

व्याजाच्या तारखा डायरीत लिहा. एलआयसीत त्या पॉलिसीच्या वार्षिक तारखेवरून ठरतात. आपल्या उदाहरणात 10 डिसेंबर आणि 10 जून, दर सहामाहीला 8,550 रुपये. कर्ज दोन महिन्यांत फेडलं तरी किमान सहा महिन्यांचं व्याज घेतात, त्यामुळे चार आठवड्यांच्या अडचणीसाठी हे महागात पडतं. हप्त्याचं ऑटो-डेबिट लावलं असेल तर त्यातून व्याज जात नाही. व्याज वेगळं भरायचं आणि पावतीही वेगळी घ्यायची. डिसेंबरचं व्याज नि हप्ता एकाच दिवशी येतात. गळीत हंगाम सुरू झाला तरी पहिलं बिल तोवर हातात पडेलच असं नाही, म्हणून ही रक्कम आधीच बाजूला काढा.

व्याज थकलं तर ते मुद्दलात मिळतं आणि पुढं त्यावरही व्याज चढतं. 1,80,000 चे वर्षात 1,97,506 होतात, दीड वर्षात 2,06,888. हप्ते चालू असतील तर सरेंडर व्हॅल्यूही वाढते आणि विमा शाबूत राहतो. समजा पाच वर्षं व्याज भरलंच नाही, पण हप्ते भरले आणि तेव्हा मृत्यू झाला. कर्ज 2,86,294 झालेलं असेल. बोनस त्याच गतीनं वाढून 3 लाख झाला असं धरलं, तर 8 लाखांतून ते वजा होऊन वारसाला 5,13,706 मिळतील.

हप्ताही थांबला तर चित्र पालटतं. सवलतीचे 30 दिवस संपले की पॉलिसी पेड-अप होते, 5 लाखांचे अडीच लाख उरतात, नवा बोनस थांबतो. सरेंडर व्हॅल्यू जवळपास तिथंच रेंगाळते आणि कर्ज दीड वर्षात तिला ओलांडतं. मग कंपनी नोटीस देऊन पॉलिसी बंद करते, सरेंडर व्हॅल्यू कर्जात वळती होते, विमा संपतो. पत्ता जुना असेल तर ती नोटीस मिळतही नाही, तेव्हा अर्जासोबतच पत्ता आणि मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्या.

म्हणून आमचं स्पष्ट मत: 90 टक्के मिळत असले तरी 70 टक्क्यांच्या आसपास थांबा. इथं 1,40,000. हप्ते आणि व्याज दोन्ही थांबले तरी हे कर्ज 2 लाखांवर जायला चार वर्षं लागतात. आणि एखाद्या डिसेंबरात हप्ता नि व्याज यांपैकी एकाचेच पैसे जमले, तर आधी हप्ता भरा. व्याज जूनमध्ये थकबाकीसह भरता येतं.