नडगी आणि तळपाय दुखायचा, शेवटी त्रास असा थांबला

नमस्कार डॉक्टर, टाइमलाइन देतो. आठवड्याचं रनिंग २० किमीवरून महिन्याभरात ३५ वर गेलं आणि नडगीच्या आतल्या कडेला खाली वीतभर पट्टा दुखायला लागला, मग तळपायाची कमानही. बर्फ, नवीन शूज, नुसती विश्रांती, पळालो की परत तेच, फार वैताग आला. बोटाएवढ्या एकाच जागी ठणका नव्हता, रात्रीही दुखत नव्हतं, म्हणून तुम्ही म्हणालात स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता कमी.

मग आधी चालताना दुखणं जाईपर्यंत पळणं बंद, सोबत दिवसाआड गुडघे वाकवून टाचा उचलणं, १५ चे ३ सेट. नंतर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून बघायची, दुखली तर वाढवायचं नाही. आता सलग ५ किमी होतात, कमानही शांत आहे.