चाल मोजताना चूक कुठे होते

कोल्हापुरात रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेला पोरगं निघालं की कुणीतरी सांगतंच, “पाच-पाच चाली पुढचं बघ की रं!” हा सल्ला फुकटचा आहे. डाव बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या चालीतच फसतो.

पट मांडा. पांढरा: राजा g1, वजीर e2, हत्ती e1, प्यादी c2, f2, g2, h2. काळा: राजा g8, वजीर b4, हत्ती d8, प्यादी a6, f7, g7, h7. चाल पांढऱ्याची.

आधी खेळण्याजोग्या चालींची यादी करा, मोजणी नंतर. क्रम ठरलेला: शह, मार, धमकी. इथे शह एकच, वजीर e8. मारही एकच, a6 चं प्यादं. धमकी म्हणजे c3, वजिरावर. तीन चाली पुरेत.

शह आधी मोजायचा, कारण उत्तरं मोजकीच असतात. वजीर e8, हत्तीनं मारला, आपल्या हत्तीनं e8 वर परत मारलं. मात? बरेच जण इथेच थांबतात. शह दिसला की मोजणी संपली असं धरू नका. तीन प्रश्न विचारा: राजा पळतो का, शह देणारा मारला जातो का, मध्ये काही येतं का? b4 चा वजीर तिरपा f8 वर येतो. मग मारामारी होऊन नुसती प्यादी उरतात, तीही चार-चार.

आता खरी धोक्याची जागा. पहिली चाल फसली, घड्याळ पळतंय, डोकं शिणलंय, आणि हात आपोआप a6 च्या प्याद्याकडे जातो. ही चाल मोजलेलीच नसते! वजीर e2 वरून हलला की e1 चा हत्ती उघडा पडतो. काळा वजीर तो शहासकट उचलतो, आपल्याला वजीर f1 वर आणावा लागतो आणि आख्खा हत्ती गेलेला असतो. म्हणून एक चाल बाद झाली की यादीतल्या पुढच्या चालीलाही पहिलीइतकाच वेळ द्या. यादीबाहेरची चाल अचानक सुचली, तर तीही शून्यापासून मोजा.

उरली c3. ती वजिरावर हल्ला करते आणि e1 कडची तिरपी रेषाही बंद करते. काळ्यानं हावरेपणानं c3 चं प्यादं मारलं, तर वजीर f8 च्या रेषेवरून हटतो. मग तोच e8 चा शह, तीच मारामारी, पण या वेळी मध्ये यायला कुणी नाही: मात. काळा शहाणा असेल तर वजीर d6 वर नेईल. तिथून f8 आणि a6 दोन्ही सांभाळले जातात. म्हणजे c3 नं डाव लगेच जिंकत नाही, पण आपलं काही जातही नाही.

चाल ठरली की हात टेबलाखाली. चाल आधी कागदावर लिहून मग खेळायची जुनी युक्ती विसरा, फिडेच्या नियमांत आता ते चालत नाही. ठरलेली चाल पटावर झाली आहे असं समजा आणि समोरच्याच्या बाजूनं फक्त शह आणि मार शोधा. a6 मारण्याआधी एवढं केलं असतं, तरी e1 चा शह पाच सेकंदांत दिसला असता.