‘डिड’, ‘मेड’, ‘गॉट’ हटवून प्रबंधात नेमके क्रियापद कसे बसवावे

एप्रिल लागला की ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठातून उतरलेली मुले जाडजूड फायली घेऊन माझ्याकडे फोंड्याला येतात. विषय कुणाचा खाडीकाठच्या खाजन जमिनीचा, कुणाचा काजूचा, कुणाचा लोककथांचा असतो, पण इंग्रजी सगळ्यांचे एकच: वी डिड, वी मेड, वी गॉट. ही क्रियापदे बदला, असे गाईडनी सांगितलेले असते. बदलायची कशी, ते सांगितलेले नसते. मग पोरे समानार्थी शब्दांची यादी उघडून बसतात आणि होते ते आणखी बिघडवून ठेवतात.

मसुदा पूर्ण होईपर्यंत क्रियापदांना हात लावू नका. लिहिताना ‘डिड’ आले तर येऊ द्या.

मसुदा झाला की वर्डमध्ये `Ctrl+H` दाबून `do`, `does`, `did`, `done`, `make`, `made`, `get`, `got` हे एकेक शब्द शोधा. `More` उघडून `Find whole words only` वर खूण करायला विसरू नका आणि `Replace All` या बटणाकडे फिरकूही नका. मी एकदा खूण न करता सगळे `got` एका झटक्यात `obtained` करून टाकले होते. छापील प्रत हातात आली तेव्हा `forgotten` च्या जागी `forobtainedten` असा कुठल्याच भाषेत नसलेला शब्द माझ्याकडे बघत होता.

सापडलेल्यांपैकी काही तशीच ठेवायची असतात. ‘डिड नॉट सो पॅडी’, ‘डू नॉट डिफर’ यांतला ‘डू’ हा नकारासाठी आलेला मदतनीस आहे. खरे क्रियापद त्याच्या पुढे उभे असते. ते सोडा, बाकीच्यांना पिवळा रंग द्या.

आता सोपी शिकार. पिवळ्या शब्दाच्या पुढचे नाम बघा. ‘मेड अ कम्पॅरिझन ऑफ’ मध्ये ‘कम्पेअर्ड’ दडलेले आहे, ‘मेड अ‍ॅन अ‍ॅझम्प्शन’ मध्ये ‘अ‍ॅझ्यूम्ड’, ‘डिड अ क्लासिफिकेशन ऑफ’ मध्ये ‘क्लासिफाइड’. नामातले क्रियापद बाहेर काढले की ‘मेड’ही जाते आणि मागचा ‘ऑफ’ही. निम्मे काम इथेच उरकते, फार तर अर्धा तास लागतो.

खरी गोची उरलेल्या निम्म्यात आहे. मी स्वतः इथेच दोन वर्षे अडकले होते.

माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी ‘गॉट’ ऐवजी यादीतला सर्वांत भारदस्त शब्द उचलला आणि ‘वी प्रोक्युअर्ड 24 वॉटर सॅम्पल्स’ असे लिहिले. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न आला: “कुठल्या दुकानातून?” प्रोक्युअर म्हणजे खटपट करून, बहुधा पैसे मोजून, माल मिळवणे. मी तर दिवाडीच्या खाजनात गुडघाभर चिखलात उभी राहून बाटल्या भरल्या होत्या. मला हवा असलेला शब्द ‘कलेक्टेड’ होता आणि तो शाळेतल्या पोरालाही येतो. तेव्हापासून समानार्थी शब्दांच्या याद्यांवर माझा राग आहे. त्या शब्दांची भावंडे दाखवतात, पण तुम्ही त्या दिवशी हाताने काय केलेत ते त्यांना ठाऊक नसते.

दुसरा खड्डा ‘कंडक्टेड’, ‘परफॉर्म्ड’, ‘कॅरीड आउट’ यांचा. हे शब्द चूक नाहीत. ‘कंडक्टेड अ‍ॅन एक्सपेरिमेंट’ ठीकच आहे, कारण तिथे दुसरे सुटसुटीत क्रियापद नाही. पण ‘डिड अ‍ॅनालिसिस’चे ‘परफॉर्म्ड अ‍ॅनालिसिस’ केले, तर शेंदूर फासला एवढेच, दगड तोच राहिला. टी-टेस्टचेही असेच. ‘डिड अ टी-टेस्ट’ हे ‘परफॉर्म्ड’ने फारसे सुधारत नाही. तुम्ही दोन सरासऱ्यांची तुलना केली आणि टी-टेस्ट हे त्याचे हत्यार होते. म्हणून क्रियापद ‘कम्पेअर्ड’ घ्या आणि वाक्याच्या शेवटी ‘यूजिंग अ टी-टेस्ट’ जोडा.

आपण मराठी माणसे इथे का अडखळतो, हे मला फार उशिरा कळले. आपली विद्वत्तेची भाषाच मुळात ‘करणे’वर चालते: विश्लेषण केले, सर्वेक्षण केले, निरीक्षण केले, मूल्यमापन केले. संस्कृत नाम आणले, मागे ‘केले’ चिकटवले की झाले काम. घरी कोंकणी बोलणाऱ्यांचेही ‘करप’मुळे तेच होते. मग इंग्रजी लिहिताना डोक्यात आधी ‘अ‍ॅनालिसिस’ उगवते आणि ‘केले’ची जागा ‘डिड’ घेतो. ‘मिळाले’चा ‘गॉट’ होतो, तोही असाच.

पण घरची मराठी अशी नाही. घरात आपण मोजतो, निवडतो, चाळतो, वगळतो, ताडून पाहतो, टिपून ठेवतो. म्हणून माझी पद्धत अशी: पिवळे वाक्य बाजूला ठेवा आणि त्या दिवशी काय झाले ते आईला सांगितल्यासारखे मराठीत मोठ्याने सांगा. अट एकच. ‘करणे’, ‘होणे’, ‘मिळणे’, ‘घेणे’ ही चार क्रियापदे वापरायची नाहीत. सुरुवातीला जीभ अडते. अडू द्या. जिथे अडते तिथेच तुम्ही काय केले ते तुम्हालाच पुरते आठवत नसते.

एका मुलीचा परिच्छेद घेऊ. विषय होता चोडणच्या बाजूचे एक खाजन. खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन, आणि भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारे तिचे लाकडी दार म्हणजे मानस. तिने लिहिले होते:

“वी डिड अ सर्व्हे ऑफ फार्मर्स. वी गॉट वॉटर सॅम्पल्स अँड डिड अ‍ॅनालिसिस ऑफ सॅलिनिटी. वी गॉट 18 पीपीटी निअर द स्लुइस गेट. द ब्रीच मेड द फील्ड्स सॅलाइन. द फार्मर्स डिड नॉट सो पॅडी.”

पहिले वाक्य. मी म्हटले, केले-बिले सोड, काय घडले ते सांग. “टीचर, प्रश्नावली छापली होती, पण वाटलीच नाही. बांधावर बसून एकेकाशी बोललो.” किती जणांशी? “बेचाळीस.” म्हणजे ‘वी इंटरव्ह्यूड 42 फार्मर्स’. प्रश्नावली वाटून भरून घेतली असती, तर ‘सर्व्हेड’ चालले असते. क्रियापद नेमके झाले तसे कर्मही नेमके झाले. ‘सर्व्हे’ गेला आणि त्याच्या जागी मोजता येणारी माणसे आली. असे झाले की समजावे, शब्द बरोबर बसला.

दुसऱ्या वाक्यात बाटल्या भरल्या होत्या, तेव्हा ‘कलेक्टेड’. पुढच्या ‘डिड अ‍ॅनालिसिस’वर सोपी युक्ती चालवून ती ‘अ‍ॅनलाइझ्ड सॅलिनिटी’ म्हणाली. इथे सावध राहा. दडलेले क्रियापद बाहेर काढले खरे, पण ते नामाइतकेच धूसर असू शकते. नेमके काय केले? “पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला, उजेडाकडे धरला आणि आकडा वाचला.” हे विश्लेषण नव्हे, हे मोजणे. ‘मेझर्ड सॅलिनिटी विथ अ हँड रिफ्रॅक्टोमीटर’.

तिसरे वाक्य साधे दिसते आणि तिथेच सगळे फसतात. ‘18 मिळाले’ म्हणजे नक्की काय? एकदाच वाचलेला आकडा असेल तर ‘रेकॉर्डेड’. गणिताने काढला असेल तर ‘कॅल्क्युलेटेड’. अपुऱ्या नोंदींवरून अंदाज बांधला असेल तर ‘एस्टिमेटेड’. कुणा खात्याकडून आणला असेल तर ‘ऑब्टेन्ड’, आणि मग पुढे ‘फ्रॉम’ लावून कुणाकडून तेही लिहायचे. ‘गॉट’ हे चारही प्रकार एका पोत्यात कोंबतो. परीक्षक तोंडीच्या वेळी नेमके तेच पोते उघडतात. तिचा आकडा सहा वाचनांची सरासरी निघाला. वाक्य झाले ‘सॅलिनिटी निअर द स्लुइस गेट अ‍ॅव्हरेज्ड 18 पीपीटी’. ‘वी’सुद्धा गळाला आणि कुणाला त्याची आठवण झाली नाही.

चौथ्या वाक्यावर आम्ही पाऊण तास बसलो. ‘मेड’ काढून ‘सॅलिनाइज्ड’ घालायची तिला घाई झाली होती. मी विचारले, बांध फुटण्याआधीचे खारटपणाचे आकडे आहेत का? नव्हते. बाजूच्या न फुटलेल्या बांधाआडच्या शेताचे? तेही नव्हते. मग बांध फुटल्यामुळे शेत खारट झाले, हे कुणी सांगितले? “शेतकऱ्यांनी. सगळ्यांनी खापर बांधावरच फोडले.” बघा, घरच्या मराठीने क्रियापद आपसूक दिले. खापर फोडणे, म्हणजे कारण कुणाकडे तरी बोट दाखवून सांगणे, त्याला इंग्रजीत ‘अट्रिब्यूटेड टू’. ‘द फार्मर्स अट्रिब्यूटेड द सॅलिनिटी टू द ब्रीच’. ‘मेड’च्या जागी ‘कॉज्ड’ किंवा ‘सॅलिनाइज्ड’ घातले असते, तर भाषा चकचकीत झाली असती आणि दावा खोटा ठरला असता. कारण सांगणारे ‘मेड’ दिसले की आधी पुराव्याची वही उघडा, मगच शब्द शोधा. आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असतील आणि त्यांत वाढ दिसत असेल, तर ‘इन्क्रीज्ड आफ्टर’ म्हणा. ‘कॉज्ड’साठी बांध सोडून इतर कारणे, म्हणजे कमी पाऊस किंवा उघडी राहिलेली मानस, तुम्ही वगळलेली असावी लागतात.

पाचव्या वाक्यातला ‘डिड’ मदतनीस होता, म्हणून तो तसाच राहिला.

शेवटी जोडी तपासा. क्रियापद आणि नाम इंग्रजीत एकत्र नांदतात का, ते कानाने ठरवू नका. गूगल स्कॉलरवर दुहेरी अवतरणांत टाका, उदाहरणार्थ `"salinity averaged"`, आणि आपल्याच विषयाचे लेख निघतात का बघा. चार-पाच सहज निघाले तर शब्द ठेवा. एकही निघाला नाही तर साधा शब्द घ्या.

त्या मुलीच्या परिच्छेदाची शेवटची प्रत अशी झाली: “वी इंटरव्ह्यूड 42 फार्मर्स, कलेक्टेड वॉटर सॅम्पल्स अँड मेझर्ड देअर सॅलिनिटी विथ अ हँड रिफ्रॅक्टोमीटर. सॅलिनिटी निअर द स्लुइस गेट अ‍ॅव्हरेज्ड 18 पीपीटी. द फार्मर्स अट्रिब्यूटेड धिस टू द ब्रीच अँड डिड नॉट सो पॅडी.” प्रत घेऊन ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. “टीचर, पेरले नाही ते सगळ्यांनी नव्हे. मानशीपासून लांबच्या तिघांनी कोरगूट भात पेरले होते.” मग ‘डिड नॉट सो’च्या आधी ‘39 ऑफ देम’ बसवायला आम्ही पुन्हा बसलो.