पीएमपीचा ब्रेक: दहा मिनिटांची तेरा मिनिटं झाली की काय होतं?

अंबडच्या एका कारखान्यात प्लॅनिंग बघणारा माझा मित्र पीएमपी ही प्रकल्प व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा देऊन आला आणि पहिलंच वाक्य बोलला, "अभ्यास बरोबर होता रे, ब्रेकने घोळ केला." त्याचं घड्याळ कसं गेलं ते पाहिलं की हा घोळ नेमका कुठे होतो ते कळतं.

२०२१ साली आलेल्या स्वरूपात पीएमपीला १८० प्रश्न आणि २३० मिनिटं आहेत. संगणकावर देताना दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक मिळतात, पहिला ६० प्रश्नांनंतर आणि दुसरा १२० नंतर. ही दहा मिनिटं २३० मध्ये धरलेली नाहीत, घड्याळ तेवढ्यापुरतं थांबतं. परीक्षा घेणारी संस्था पीएमआय स्वरूप अधूनमधून बदलते, म्हणून तुमच्या तारखेला लागू असलेले आकडे एकदा तपासून घ्या. ब्रेकचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे.

मित्राने पहिल्या ६० प्रश्नांना ९० मिनिटं घेतली. सरासरीने एका प्रश्नाला साधारण ७७ सेकंद येतात, म्हणजे तिथवर घड्याळात १५३ मिनिटं शिल्लक हवी होती. त्याच्याकडे १४० होती. त्याला वाटलं, आता दहा मिनिटं डोकं शांत करू, मग वेग वाढवू. विचार बरोबर, पण तो आत येऊन पुन्हा बसला तेव्हा तेरा मिनिटं झाली होती आणि घड्याळ १३७ दाखवत होतं. जास्तीची तीन मिनिटं परीक्षेच्या वेळेतून कापली गेली होती. आता १२० प्रश्नांना १३७ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ६८-६९ सेकंद.

ही तीन मिनिटं गेली कुठे? बाहेर जाताना सही, लॉकर उघडून डबा काढणं, स्वच्छतागृह, आणि परत येताना पुन्हा तपासणी: खिसे उलटे करून दाखवा, चष्मा दाखवा, ओळखपत्र, सही. त्याच्या पुढे आणखी एक उमेदवार उभा होता. ब्रेक म्हणजे खुर्चीवरून उठल्यापासून परत बसेपर्यंतचा वेळ, हे त्याने धरलंच नव्हतं. सातव्या मिनिटाला तपासणीच्या दारात उभं राहायचं, एवढं ठरवून जा. लॉकरमधून पाणी-खाणं चालतं. मोबाइल आणि नोट्सना हात लावायचा नाही.

ब्रेक बरोबर घेतला की नाही ते ओळखायला सोपं आहे. उठण्याआधी पडद्यावरचा शिल्लक वेळ पाहून ठेवायचा, बसल्यावर तोच आकडा दिसला पाहिजे. कमी दिसला तर तेवढा उशीर झाला.

आणखी एक चूक जास्त महागात पडते. खूण करून ठेवलेले प्रश्न ब्रेकनंतर बघू, असं बरेच जण धरून चालतात. ते बघता येत नाहीत. पहिल्या साठ प्रश्नांचा आढावा संपवून ब्रेकला गेलात की तो भाग कायमचा बंद होतो. म्हणून खुणेचे प्रश्न आधी मिटवा, मगच उठा. आणि ब्रेक घेतलाच नाही तर दहा मिनिटं परीक्षेला जोडून मिळत नाहीत, तेव्हा वाचवण्यासारखं त्यात काही नाही.

मध्येच, ठरलेल्या ब्रेकशिवाय, केंद्रावर उठलात तर घड्याळ चालूच राहतं. सहा मिनिटं बाहेर म्हणजे चार-पाच प्रश्न गेले. घरून ऑनलाइन देणाऱ्यांनी तर ठरलेल्या ब्रेकशिवाय कॅमेऱ्यासमोरून उठूच नये, परीक्षा रद्द होऊ शकते. (नाशिककर म्हणून एक सांगतो: मिसळ परीक्षेनंतर. आधी झणझणीत रस्सा आणि वर दोन चहा म्हणजे हा तिसरा ब्रेक तुम्ही स्वतःच बुक केलात.)

पीएमपीचा नियम दुसऱ्या परीक्षेला लावू नका. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या असोसिएट पातळीच्या परीक्षेला ६५ प्रश्नांना १३० मिनिटं असतात, ठरलेला ब्रेक नाही, बाहेर गेलात तर वेळ तुमचाच जातो. सायबर सुरक्षेची सीआयएसएसपी परीक्षा तीन तासांची, तिथेही ब्रेकचा वेळ परीक्षेतूनच जातो.

मित्राने दुसरा साठाचा टप्पा ७३ मिनिटांत उरकला, घड्याळ ६४ वर आणलं आणि मग ब्रेक घेतला. या वेळी डबा लॉकरमध्येच राहू दिला. आठव्या मिनिटाला तो खुर्चीवर होता आणि आकडा ६४ चाच होता. तरी शेवटचे सहा प्रश्न त्याने न वाचताच टिक केले. निगेटिव्ह मार्किंग नसल्याने रिकामे सोडण्यात अर्थ नव्हता.