मिस्त्रींचे दिवस कमी करण्याआधी: डाळमिलसाठी तयारीची यादी

जळगावच्या डाळमिलमधले नाना मिस्त्री ५८ पूर्ण करत आलेत, ६० पर्यंत थांबायला तयार आहेत, पण रोज येणं झेपत नाही. अशा वेळी पहिलं वर्ष पूर्ण दिवस आणि दुसरं वर्ष आठवड्याचे तीन दिवस, हा हिशोब बरा बसतो. तो डाळमिलला का बसतो, हे तुरीच्या हंगामावरून कळतं. जानेवारीपासून नवी तूर येते, ती ओलसर असते आणि तिची साल दाण्याला चिकटून राहते. नानांच्या जागी येणाऱ्या नव्या माणसाला असे दोन हंगाम मिळायला हवेत: एक नानांच्या शेजारी उभं राहून, दुसरा स्वतःच्या जबाबदारीवर. म्हणून सुरुवात दिवाळीनंतर करा. एप्रिलात केली तर पहिल्या वर्षाचे आठ-नऊ महिने जुन्या, कोरड्या मालावरच जातात आणि अवघड काम शिकायचंच राहून जातं.

त्याआधी कागद. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतली जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख आधार कार्ड व मिलच्या रजिस्टरशी ताडून घ्या; जुन्या कामगारांच्या बाबतीत ती बऱ्याचदा जुळत नाही. पगारकपात ५८ पूर्ण होण्याआधी सुरू करू नका. कर्मचारी पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगारावर ठरतं, त्यामुळे आधी कापलेला पगार आयुष्यभर पेन्शनमध्ये दिसतो. ५८ नंतर सहसा पेन्शन योजनेत भरणा होत नाही, मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो.

खरी अडचण ग्रॅच्युइटीची. ती शेवटच्या पगारावर मोजतात: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणाऱ्या रकमेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. समजा नानांचा असा पगार २०,८०० आहे आणि ६० व्या वर्षी नोकरी ३२ वर्षांची होईल. पूर्ण पगारावर ३,८४,००० रुपये होतात. शेवटच्या वर्षी तीन दिवसांचा अर्धा पगार घेतला, तर तेच १,९२,००० वर येतात. एका वर्षाच्या अर्ध्या पगारानं बत्तीस वर्षं अर्धी होतात! कायद्यापेक्षा चांगल्या अटी करारानं देता येतात, म्हणून आधीच लेखी करार करा: ३१ वर्षं जुन्या पगारावर, एक वर्ष नव्या. ते ३,७८,००० होतात. शिवाय उरलेले तीन दिवस ठरलेली सुट्टी आहे, गैरहजेरी नाही आणि नोकरी अखंड आहे, हेही त्यात लिहा. हा मसुदा पीएफचं काम बघणाऱ्या सल्लागाराला दाखवूनच सही घ्या.

दुसऱ्या वर्षी अर्धा दिवस देऊ नका, पूर्ण दिवस द्या. एका लॉटला रोलरवर ओरखडे पाडणं, तेल चोळणं, रात्रभर मुरवणं, खळ्यावर ऊन देणं, पाण्याचा हात देऊन परत मुरवणं, मग साल काढणं, यात पाच-सहा दिवस जातात. दोन दिवस महत्त्वाचे: तूर मुठीत घेऊन किती तेल लागेल ते ठरवण्याचा आणि खळ्यावरून माल उचलण्याचा. नानांचे दिवस वारावर बांधण्यापेक्षा या दोन दिवसांवर बांधा.

पहिल्या वर्षापासून लॉटचं एक रजिस्टर ठेवा. तूर कुठली, तेल किती, रोलरवरून किती फेऱ्या, ऊन किती दिवस, आणि शेवटी डाळ, गोटा, चुरी आणि भुसा यांचं वजन. ते नव्या पोरानं भरायचं, नानांनी नाही. नाना तेलाचं माप सांगू शकणार नाहीत, हाताला कळतं म्हणतील. तेव्हा त्यांच्या हाताचं तेल आधी तोलून घ्यायचं काम पोराचं. गोटा वाढला तर दाणा नीट फुटला नाही. चुरी वाढली तर माल जास्त वाळला किंवा रोलर जास्त चालला. याच खुणा पुढे एकट्यानं वाचायच्या आहेत.

तीन दिवसांची पाळी सुरू झाली की रजिस्टर वेगळ्या नजरेनं बघा. नवे लॉट फक्त नाना येतात त्याच दिवशी सुरू होत असतील, तर पोरगा काम शिकत नाही, वाट बघतोय. हमालही 'नानांना विचारू' म्हणत बसतील. यावर उपाय नानांकडूनच होतो: ते आले तरी रोलरचा पाना हातात घ्यायचा नाही, आणि कोणी विचारलं तर पोराकडे बोट दाखवत 'आते तूच देख' म्हणायचं. जुन्या मिस्त्रीला हे सगळ्यात जड जातं, म्हणून ते करार करतानाच बोलून घ्या.

पोराचा पगार आणि 'मिस्त्री' हे नाव दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत द्या. एमआयडीसीत डाळमिली कमी नाहीत, आणि शिकलेला माणूस जास्तीच्या दोन हजारांसाठी जातो. तो गेला तर नानांना परत सहा दिवस बोलवावं लागतं, आणि करार तिथेच मोडतो. नानांचा शेवटचा दिवस ठरला की ग्रॅच्युइटीची रक्कम आधीच बाजूला ठेवा, ती ३० दिवसांत द्यावी लागते. आणि रोलरला एमरी चढवून देणाऱ्या कारागिराचा नंबर नानांच्या मोबाईलमधून मिलच्या वहीत उतरवून घ्या.