थकबाकीवर व्याजाचं व्याज: सोसायटीच्या वह्यांतल्या या चुका टाळा

आमची सोसायटी जळगावात, मेहरूणच्या बाजूला. फ्लॅट चोवीस. खजिनदारकी माझ्याकडे आली त्या वर्षी दिवाळीनंतर एक नाना ऑफिसात आले. त्यांचा फ्लॅट कुलूपबंद असतो, कारण ते स्वतः रावेरकडे शेतावर राहतात. गळतीच्या वादामुळे चार वर्षं त्यांनी एक रुपयाही भरला नव्हता. आता केळीचे पैसे हातात आले होते आणि वाद मिटवायची इच्छाही होती. आम्ही त्यांच्या हाती 1,04,348 रुपयांच्या थकबाकीचं पत्र दिलं. त्यांनी खिशातून वही काढली आणि म्हणाले, "भाऊ, माझ्या हिशोबानं 97,380 होतात. तुमचे सात हजार जास्त कुठून आले?"

नानांचंच बरोबर होतं. ते सात हजार कुठून आले हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. त्यानंतर जळगाव-भुसावळच्या बऱ्याच सोसायट्यांच्या वह्या मी पाहिल्या, आणि तीच चूक तिथेही दिसली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आमचं बिल सांगतो. दरमहा 1,500 रुपये. त्यात पाणी, वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज मिळून 1,000, दुरुस्ती निधी 375 आणि सिंकिंग फंड 125. शेवटचे दोन आकडे मनाने ठरवलेले नाहीत. आदर्श उपविधींप्रमाणे जमिनीची किंमत वगळून फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड आणि किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी घ्यायचा असतो. आमचा बांधकाम खर्च फ्लॅटमागे 6 लाख. त्याचे 0.25 टक्के म्हणजे वर्षाला 1,500, महिन्याला 125. बिल 1 तारखेला निघतं, 15 तारखेपर्यंत भरायचं. उशिराला वार्षिक 18 टक्के व्याज, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने.

2014 च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के सरळव्याज सांगितलं आहे, आणि सभेला त्याहून कमी दर ठरवता येतो. तुमच्या नोंदणीकृत उपविधीत कोणता दर छापलाय ते स्वतः उघडून बघा. पण बहुतेक जण दर बघतात आणि 'सरळ' हा शब्द सोडून देतात.

चूक अशी होते. बिलावर 'मागील बाकी' नावाचा एकच रकाना असतो. त्यात मुद्दल आणि आधी लावलेलं व्याज एकत्र मिसळतं. पुढच्या महिन्याचं व्याज त्या एकत्र रकमेवर निघतं, म्हणजे व्याजावर व्याज. शीटमध्ये ते असं दिसतं, इथे B म्हणजे मागील मुद्दल आणि C म्हणजे मागील व्याज:

```
चूक:    =(B2+C2)*18%/12
बरोबर:  =B2*18%/12
```

ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण सुरुवातीला फरक अगदी थोडा असतो. एक पूर्ण वर्ष कुणी काहीच भरलं नाही असं धरू. एप्रिलचं बिल 15 मार्चला 11 महिने थकलेलं असतं, मेचं 10, असं करत फेब्रुवारीचं 1 आणि मार्चचं 0. बेरीज 66 महिने. 1,500 वर महिन्याचं दीड टक्का म्हणजे 22.50, त्याला 66 ने गुणलं की 1,485. चक्रवाढीने तेच व्याज 1,561.82 येतं. फरक 77 रुपयांचा, त्यासाठी कोण भांडणार? चार वर्षांनी मात्र 48 बिलांचं मुद्दल 72,000, सरळव्याज 25,380, एकूण 97,380 होतं. चक्रवाढीने तोच आकडा 1,04,347.83 वर जातो. नानांचे सात हजार ते हेच.

तुमच्या वहीत हे होतंय का, हे पाहायला ऑडिटर लागत नाही. ज्याने सलग काही महिने काहीच भरलं नाही असा एक सभासद निवडा आणि त्याला दर महिन्याला लागलेलं व्याज ओळीने लिहा. बरोबर हिशोबात 22.50, मग 45, मग 67.50 येतं, म्हणजे दर वेळी नेमकी 22.50 ची वाढ. चक्रवाढ होत असेल तर 22.50, 45.34, 68.52 असे आकडे येतात आणि वाढच वाढत जाते. तुमचं बिल आणि दर वेगळे असतील तर 22.50 च्या जागी तुमचा आकडा घाला, रीत तीच.

तिसरा प्रकार जास्त फसवा. वर्षभर वाढ बरोबर दिसते, पण नव्या वर्षाच्या पहिल्या बिलात ती एकदम 44.78 होते आणि पुढे पुन्हा 22.50 वर येते. याचा अर्थ महिन्याचं सूत्र ठीक आहे, पण 31 मार्चची शिल्लक पुढे ओढताना मुद्दल आणि व्याज एकत्र करून 'आरंभीची बाकी' म्हणून टाकली गेली. सॉफ्टवेअर बदललं किंवा वही नव्या क्लार्ककडे गेली की हे हमखास होतं. त्यामुळे दोन्ही शिल्लक वेगवेगळ्या ओळींत पुढे न्यायच्या.

काही सोसायट्या व्याजाचं गणित नको म्हणून सरसकट '100 रुपये लेट फी' लावतात. 1,500 च्या बिलावर महिन्याला 100 म्हणजे महिन्याला 6.67 टक्के, वर्षाला 80 टक्के. उपविधीच्या मर्यादेत हे बसत नाही. वर व्याजही लावत असाल तर आणखीच अवघड. सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज कराल तेव्हा थकबाकीचा उतारा तिथे तपासला जातो, आणि अशा एका ओळीमुळे थकबाकीदाराला पूर्ण रकमेवर हरकत घ्यायची संधी मिळते. लेट फी असेल तर आधी ती बंद करा, मग अर्ज करा.

आता भरणा. आपल्याकडे बरेच जण दरमहा भरत नाहीत. केळी, कापूस गेला की एकदम भरतात, किंवा पुण्याहून मुलगा येतो तेव्हा. समजा नानांनी 50,000 दिले. ते कशात जमा करायचे? आधी व्याजात घेतले तर 25,380 व्याज फिटतं, 24,620 मुद्दलात जातात आणि मुद्दल 47,380 उरतं. पुढच्या महिन्याचं व्याज 710.70. आधी मुद्दलात घेतले तर मुद्दल 22,000 उरतं, जुनं व्याज 25,380 तसंच येणे राहतं, पण पुढचं व्याज फक्त 330. आज दोन्हीकडे येणे 47,380 च आहे, तरी दर महिन्याला 380 रुपयांचा फरक पडतो.

सभासदाने लिहून दिलं असेल की हे पैसे अमुक महिन्यांच्या बिलापोटी आहेत, आणि तुम्ही ते स्वीकारलेत, तर तसंच जमा करायचं. करार कायद्याचं कलम 59 हेच सांगतं. त्याने काही सांगितलं नसेल तर समितीने आधी ठरवलेला क्रम लावायचा. तो क्रम ठरावात असावा, सगळ्यांना एकच असावा आणि पावतीवर 'व्याजापोटी इतके, मुद्दलापोटी इतके' असं लिहिलेलं असावं. एका सभासदाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं पावतीपुस्तकात दिसलं की सभेत उत्तर देता येत नाही. मी एकदा त्या जागी उभा राहिलो आहे.

याच पावतीतून दुसरी मोठी चूक सुरू होते. 50,000 बँकेत आले, 'मेंटेनन्स जमा' म्हणून नोंद झाली, पुढच्या आठवड्यात वॉचमनचा पगार आणि लिफ्टचं बिल गेलं. त्यातला सिंकिंग फंडाचा हिस्सा कुणीच बाजूला काढला नाही. सिंकिंग फंड हे सोसायटीचं उत्पन्न नव्हे. तो ताळेबंदात निधींच्या बाजूला जातो, उत्पन्न-खर्च पत्रकात त्याला जागा नाही. बिल निघतानाच सभासदाच्या नावे 1,500 आणि जमेला तीन वेगळी खाती, सेवा शुल्क 1,000, दुरुस्ती निधी 375, सिंकिंग फंड 125, अशी नोंद पडली पाहिजे. सगळे 1,500 उत्पन्नात घातले तर वर्षअखेरीस खोटा वाढावा दिसतो, आणि 'एवढे पैसे शिल्लक आहेत तर बिल कमी करा' अशी मागणी सभेत येते.

पडताळणी सोपी आहे. आमच्याकडे चार वर्षांत सिंकिंग फंडाची आकारणी 24 फ्लॅट × 125 × 48, म्हणजे 1,44,000. नानांच्या थकबाकीत त्यातले 6,000 अडकलेले. बाकी सगळे नियमित, म्हणजे हातात आलेले 1,38,000. तेवढी रक्कम सहकार कायद्याच्या कलम 70 मध्ये बसणाऱ्या बँकेत मुदत ठेवीत हवी, आणि ठेवीचं व्याज त्याच निधीत जमा व्हायला हवं. आमच्या ठेवी निघाल्या 90,000 च्या. 48,000 रुपये रोजच्या खर्चात वापरले गेले होते. कुणी खाल्ले नव्हते, पण सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला घेऊन मोठ्या दुरुस्तीसाठी वापरायचा पैसा पाण्याच्या टँकरवर गेला होता. आम्ही दरमहा 4,000 अशी बारा महिन्यांत ती भर घातली, आणि त्यासाठी सेवा शुल्क सभेत वाढवून घ्यावं लागलं.

चूक सापडल्यावर ती दुरुस्त कशी करायची, इथेही लोक अडखळतात. ऑडिट झालेल्या जुन्या वर्षांच्या वह्या उघडून आकडे बदलायचे नाहीत. चालू वर्षात एक नोंद टाकायची: नावे 'मागील वर्षांच्या व्याजाची दुरुस्ती' 6,967.83, जमा सभासद 6,967.83. सोबत महिनावार तक्ता आणि समितीचा ठराव जोडायचा. 'व्याज माफ' हा शब्द तिथे अजिबात लिहू नका. माफी म्हणजे कायदेशीर येणं सोडून देणं, त्याचा निर्णय सर्वसाधारण सभेचा. इथे ते येणं मुळात नव्हतंच. शब्द चुकला की पुढचा थकबाकीदार विचारतो, "नानांना माफ केलं, मग मला का नाही?"

वर्षअखेरीस थकबाकीदारांची यादी करताना एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे आगाऊ भरणारे. एकाने वर्षाचे 18,000 आधीच भरलेले आणि दुसऱ्याकडे 18,000 थकलेले असतील, तर वजाबाकी करून ताळेबंदात शून्य दाखवू नका. येणे एका बाजूला, आगाऊ आलेली रक्कम देणे म्हणून दुसऱ्या बाजूला. येण्याच्या यादीची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. यादीत मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने ठेवले की नानांसारखा माणूस वही घेऊन आला तरी आकडा त्याच्यासमोर तिथल्या तिथे जुळवता येतो.

आम्ही नानांना नवं पत्र दिलं. त्यांनी 97,380 चा चेक लिहिला, पावतीवर 72,000 आणि 25,380 वेगळे लिहिलेले पाहिले, आणि गळतीचं काय करताय ते विचारलं.